निबंध टेबलावर ठेवा, दोरा मोजा

पहिल्या वर्षाच्या जर्नलांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिलीच वही सुरू होते ती अशी: ‘प्राचीन काळापासून मानवाला गुरुत्वाकर्षणाचे कुतूहल वाटत आले आहे.’ प्रयोग साध्या लंबकाचा. मला हवी आहे दोऱ्याची लांबी, आणि हातात पडते प्रस्तावना. दोष मुलांचा नाही. बारावीपर्यंत आपण त्यांना निबंध लिहायला शिकवलं आणि जर्नल मात्र मागच्या वर्षीच्या जर्नलावरून उतरवून घेऊ दिलं.

निबंधात तुम्हाला काहीतरी पटवून द्यायचं असतं. म्हणून माहिती आणि मत एकमेकांत विणलेली चालतात, किंबहुना वीण जितकी घट्ट तितका निबंध चांगला. वाचक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तुमचं बोट धरून येतो. प्रयोगाच्या अहवालात हीच वीण मुद्दाम उसवायची असते. काय केलं ते कृतीत, काय दिसलं ते निरीक्षणांत आणि त्याचा अर्थ काय लागतो ते चर्चेत. ही शिस्त वहीच्या शोभेसाठी नाही. तुमचा अर्थ चुकला तरी तुमचे आकडे दुसऱ्याच्या कामी यावेत, यासाठी ती आहे.

गेल्या वर्षीची एक वही सांगतो. मुलीने पाच लांब्या घेतल्या आणि प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ मोजला. वीसच का? स्टॉपवॉच दाबताना बोट सेकंदाचा पाचवा भाग तरी इकडेतिकडे होतं. एकाच आंदोलनावर ती चूक दहा टक्के होते, विसांवर वाटली की अर्धा टक्का. ९८ सेंटीमीटरला वेळ आला ४०.२ सेकंद. g = 4π²L/T² मध्ये घातल्यावर उत्तर ९.५८. ४८ सेंटीमीटरला २८.४ सेकंद आणि उत्तर ९.४०. पुस्तकात तर ९.८१ छापलेलं.

इथे निबंधाची सवय हात धरते. सरासरी काढा, वेळ थोडा खाली ओढा, ‘मानवी चुकांमुळे किंचित फरक पडला’ असं लिहा आणि मोकळे व्हा. हे वाक्य मी दिसेल तिथे खोडतो, कारण कोणती चूक, किती आणि कुठल्या दिशेला, यातलं काहीच ते सांगत नाही. घड्याळाची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. इथे पाचही उत्तरं कमीच होती आणि दोरा आखूड होईल तशी आणखी कमी होत होती. म्हणजे प्रत्येक लांबीत ठरावीक काहीतरी मोजायचं राहत होतं.

या मुलीने आकड्यांना हात लावला नाही. T² आणि L यांचा आलेख काढला. रेघ सरळ आली, पण शून्यातून गेली नाही. मागे वाढवली तर ती लांबीचा अक्ष शून्याच्या जवळपास दोन सेंटीमीटर अलीकडे छेदत होती. तिने चर्चेत लिहिलं: ‘मी दोरा हुकापर्यंतच मोजला. हूक आणि गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली. ती आता मोजली, २ सेंमी.’ सगळ्या लांब्या सारख्याच चुकल्याने रेघेचा चढ बदलत नाही. त्या चढावरून तिचं उत्तर ९.७५ आलं. तिने मूळ तक्ता तसाच ठेवला आणि दुरुस्त लांब्यांचा रकाना शेजारी जोडला. निबंधात कच्चा खर्डा फाडून टाकतात. इथे चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

आणि ते ९.८१? आपल्या पुण्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर g साधारण ९.७८ आहे. पुस्तकातला आकडा गाठायला वेळ ओढणारा पोरगा खरं उत्तर ओलांडून पुढे जातो.

न ओढलेला आकडा दुसऱ्याच्या कामी कसा येतो ते पाहा. १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याने लंबक आखूड केला आणि किती केला ते लिहून ठेवलं. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे असं मांडताना ही निरीक्षणं वापरली. रिशेने पॅरिसचाच आकडा नोंदवला असता, तर न्यूटनला केयेनहून काहीच मिळालं नसतं.

तेव्हा या आठवड्यात लंबक असेल तर गोळ्याचा व्यास आधी मोजा, आणि कृतीत लिहा: लांबी कुठून कुठपर्यंत.