गार इंजिनाच्या शोधात

दोन मेव्हणे असले की दाजीला सासुरवाडीत दुप्पट मान मिळतो, असं म्हणतात. मिळतो तो मान नव्हे. मिळते ती मान, आणि ती दोघांकडं आळीपाळीनं हलवावी लागते. त्या दिवशी नारायणगावच्या स्टँडवर नाशिककडं जाणाऱ्या एसटीत तिघांच्या बाकावर मला मधली जागा मिळाली, तेव्हाच पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर कसे जाणार हे माझ्या मानेनं ओळखलं.

प्रश्न जुन्या पिकअपचा होता. दोघा भावांची शेती सामाईक, त्यात दोन एकर टोमॅटो. धाकट्या बापूंनी संगमनेरला एका गाडीवाल्याकडं 2017 सालची पिकअप हेरून ठेवली होती. किंमत सांगितलेली सव्वाचार लाख. थोरल्या अण्णांना ती नको होती, पण ‘न बघता नको म्हणालात’ हा ठपकाही नको होता. म्हणून हा प्रवास.

“दाजी, तुम्हीच सांगा,” बापूंनी स्टँड सुटायच्या आत सुरुवात केली. “पहाटे माल तोडून बांधावर ठेवायचा आणि भाड्याच्या गाडीची वाट बघायची. त्याच दिवशी सगळ्या गावाचा तोडा. गाडीवाला आठला येतो म्हणतो आणि अकराला येतो. तोवर मार्केटात भाव खाली. परवा क्रेटमागं चाळीस रुपये गेले.”

(या क्रेटला तिकडं बरेच जण कॅरेट म्हणतात. भाव चढला की तोच शब्द बरोबर वाटायला लागतो.)

“रोज जात्यात का चाळीस?” अण्णा माझ्यापलीकडून म्हणाले. “कधी उशिरा गेलेल्याला दहा जास्तही मिळत्यात.”

आळेफाट्यावर गाडी थांबली. चहा झाला. कोणी पैसे द्यायचे यावर मात्र दोघांचं तत्काळ एकमत झालं आणि मी दिले.

फाट्यानंतर अण्णांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. दोन एकरांत हंगामाला अडीच हजार क्रेट. मार्केटपर्यंत भाडं क्रेटला वीस रुपये, रिकामे क्रेट परत आणण्यासकट. म्हणजे वर्षाला पन्नास हजार. “आता घरची गाडी,” अण्णांनी खाली रेघ ओढली. विमा पंचवीस हजार. आठ वर्षं उलटली की मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी, त्याला किरकोळ वेल्डिंग-रंगासकट दहा. टायर, ऑइल, क्लचप्लेट मिळून तीस. डिझेल राहिलंच. एका खेपेला सत्तर क्रेट, वीस किलोचा एक, म्हणजे चौदाशे किलो. त्याच्या वर भरलं तर पाटे बसतात. अडीच हजार क्रेटांच्या छत्तीस खेपा, जाऊन-येऊन वीस किलोमीटरला दोन लिटर, म्हणजे सात हजारांच्या आसपास. एकूण बहात्तर हजार.

“पन्नास वाचवायला बहात्तर,” अण्णा म्हणाले, “आणि सव्वाचार लाख आधी ओतायचे. ड्रायव्हर कोण, ते तर मी विचारलंच नाही.”

“मी,” बापू म्हणाले.

“म्हणून तर विचारलं नाही.”

पण बापूंचंही काही खोटं नव्हतं. शेजारच्या तिघांचा माल सोबत नेला, आणखी दीड हजार क्रेट मिळाले, तर तीस हजार भाडं उलट घरात येतं आणि जादा खेपांचं डिझेल पाच हजारांतच भागतं. बहात्तराचे सत्तेचाळीस होतात, पन्नासापेक्षा तीन कमी. अण्णांनी ते लिहून घेतलं आणि खाली एवढंच विचारलं की शेजाऱ्यांचा आणि आपला तोडा एकाच पहाटे आला तर आधी कोणाचा माल. यावर बापू खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या मते सगळं भांडण त्या एका प्रश्नात होतं, पण दाजीला मतं नसतात.

चंदनापुरीच्या घाटात खेळ बदलला. एसटीला मागं टाकणारी प्रत्येक पिकअप बापू बोटानं दाखवायचे, रस्त्याकडेला बंद पडलेली प्रत्येक अण्णा. घाट उतरला तेव्हा नऊ विरुद्ध दोन अशी स्थिती होती. मात्र त्या दोघींपैकी एकीचा गिअरबॉक्स रस्त्यावर पोत्यावर मांडलेला होता, आणि त्याचे अण्णांनी चार धरले.

गाडीवाल्यानं आमचं स्वागत गार पाण्यानं केलं. पाणी गार होतं, बोनेट गरम होतं. अण्णांनी पाणी नंतर प्यायलं, आधी पंजा बोनेटवर ठेवला.

“सकाळपासून चालू केली होती का?”

“नाही हो. उभीच आहे चार दिवस.”

“मग हिला ताप आलाय.”

गार इंजिन एका सेल्फला उचलतं का, सुरुवातीला धूर कोणता टाकतं, हे बघायला गाडी रात्रभर थंड असावी लागते. आधीच तापवून ठेवली की म्हातारंही तरुण वाटतं. आम्ही वाट बघायचं ठरवलं नाही, कारण गाडीवाला जेवण देणार नव्हता. पण अण्णांनी इंजिन चालू ठेवून वरचं ऑइलचं झाकण सैल करायला लावलं. झाकण तिथं निवांत बसायला हवं, थोडी वाफ आली तर चालतं. हे झाकण तव्यावरच्या लाहीसारखं नाचायला लागलं आणि खालून धुराचे झोत यायला लागले. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या खोलीत उतरतो आणि मग असा वर वाट शोधतो. बापूंनी सायलेन्सरमागं पांढरा रुमाल धरला. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळसर धूर आला. रुमाल बापूंनी खिशात न ठेवता माझ्या हातात दिला.

एवढ्यावरही बापू खाली वाकले. सगळी चासी धुळीनं माखलेली आणि मागच्या पाट्यांपाशी मात्र वीतभर काळा कुळकुळीत रंग. त्यांनी किल्लीनं खरवडलं. खाली वेल्डिंगची गाठ. वर दोन्ही बाजूंना एकेक पाटा जादा घातलेला. म्हणजे या गाडीनं सत्तर क्रेटांवर कधी समाधान मानलं नव्हतं. कमाल म्हणजे हे सापडल्याचा आनंद बापूंच्या तोंडावर अण्णांपेक्षा जास्त होता.

“आरसीवर बँकेचं नाव आहे,” मी पहिल्यांदाच काहीतरी बोललो.

“कर्ज फिटलंय हो,” गाडीवाला म्हणाला.

“मग बँकेची एनओसी आणि पस्तीस नंबरचा फॉर्म?”

“तेवढं मिळून जाईल.”

‘मिळून जाईल’ हे ऐकताच दोघे भाऊ एकदम उठले. गेल्या दहा वर्षांत ते एकाच दिशेनं एकत्र चालताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

परतीची एसटी भरून आली आणि न थांबता गेली. अंधार पडला. शेवटी रिकामे क्रेट घेऊन नारायणगावला निघालेली एक पिकअप थांबली. अण्णा पुढं, आम्ही दोघे हौद्यात क्रेटांच्या भिंतीत. घाटात मागच्या काचेतून अण्णांचा हात हलताना दिसत होता. ते ड्रायव्हरकडून काहीतरी काढून घेत होते. बापू कान लावून बसले होते. इंजिनाला.

“आवाज स्वच्छ आहे, दाजी,” ते हळूच म्हणाले.

नारायणगावात उतरलो. ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही.

“याची पोरं पुण्याला कामाला लागली,” अण्णा कोणाकडं न बघता म्हणाले. “गाडी विकायचीय म्हणतो. कर्ज नाही. पावणेचार सांगतोय.”

बापूंनी तोंड उघडलं, पण अण्णा तोवर पुढं गेले होते. त्यांनी बोनेटवर पंजा ठेवला आणि झटकन उचलला.

“आत्ताच साठ किलोमीटर आलीय, अण्णा,” ड्रायव्हर म्हणाला.

“बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “रात्रीत कोणी हात लावू नका. आम्ही पहाटे पाचला येतो.”