अर्ध्या ओळीचा घोळ

नव्या टीव्हीला जुना प्लेस्टेशन २ जोडला की चित्र धुरकट, फिकं आणि आडवं ताणलेलं दिसतं. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं: तेव्हाचे गेम असेच होते, आपण लहान होतो म्हणून भारी वाटायचे. साफ चूक. २००० साली बाजारात आलेलं आणि २०१३ च्या सुमारापर्यंत बनत राहिलेलं हे यंत्र आजही तेव्हाचंच चित्र बाहेर पाठवतं. वाट लागते ती पुढच्या दोन मीटर वायरीत आणि टीव्हीच्या पोटात. दोन्हींवर इलाज आहे, पण दुकानदार पहिल्यांदा जी वस्तू काउंटरवर ठेवतो, ती तो इलाज नव्हे.

तो ठेवतो तळहातावर मावणारी एक डबी. एका अंगाला पिवळं-पांढरं-लाल, दुसऱ्या अंगाला एचडीएमआय, कडेला ७२० आणि १०८० असं लिहिलेलं सरकतं बटण. किंमत पाच-सातशे रुपये. (हुबेहूब अशीच दिसणारी उलट्या कामाची डबीही मिळते, एचडीएमआयचं एव्ही करणारी. ती घरी आणली तर काही केल्या चित्र येणार नाही, तेव्हा दिशा दुकानातच वाचून घ्या.) बटण १०८० वर सरकवलं की चित्र १०८० चं झालं, असं लोक धरून चालतात. डबी चित्र फक्त मोठं करते. आणि जे तिच्याकडे पोचतं, त्यातला बराच तपशील पिवळ्या वायरीनं आधीच खाल्लेला असतो.

पिवळी वायर म्हणजे कॉम्पोझिट. उजेड आणि रंग, दोन्ही एकाच तारेत कोंबलेले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवतात, आणि चित्रातला बारीक तपशीलही त्याच टापूत येऊन पडतो. पलीकडे दोन्ही पुन्हा वेगळे काढावे लागतात आणि ते कधीच पुरते वेगळे होत नाहीत. ओळखायचं कसं? लाल अक्षरांच्या कडेला नीट बघा, बारीक ठिपके मुंगीच्या चालीनं सरकताना दिसतील. जिथे काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा दाट आहेत तिथे इंद्रधनुष्यी झाक येईल, जी गेम बनवणाऱ्यानं घातलेलीच नाही. हा डाग कोणताही स्केलर पूर्ण पुसू शकत नाही. महागडा स्केलर तो अधिक ठळक दाखवतो, एवढंच.

म्हणून पहिला खर्च स्केलरवर नाही, केबलवर करायचा. प्लेस्टेशन २ च्या मागच्या त्याच सॉकेटला कॉम्पोनंट केबल बसते. तिला पाच टोकं असतात: चित्रासाठी हिरवं, निळं, लाल आणि आवाजासाठी पांढरं, लाल. हिरव्यातून उजेड आणि चित्र जागेवर धरणारा इशारा जातो, निळ्या-लालमधून रंगांचा फरक. उजेड आणि रंग कुठेही मिसळत नाहीत, त्यामुळे वेगळे काढण्याचा प्रश्नच येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन ही केबल सहज मिळते.

पण केबल बदलण्याआधी, पिवळी वायर लावलेली असतानाच, एक काम उरकायचं. डिस्क न घालता यंत्र चालू करा, System Configuration मध्ये जा आणि Component Video Out या ओळीवर RGB असेल तर ते बदलून Y Cb/Pb Cr/Pr करा. ते न करता केबल लावली तर अख्खा पडदा हिरवा होतो आणि माणूस केबल परत करायला धावतो. केबल बिचारी चांगली असते. चित्र आलं पण काळं-पांढरं आलं, तर हिरवं टोक पिवळ्या जागी गेलंय, किंवा दोन्हींना मिळून एकच भोक असलेल्या टीव्हीवर तुम्ही एव्ही निवडलंय. चेहरे निळसर दिसले तर निळं आणि लाल उलटसुलट लागलंय. दोन लाल टोकांची अदलाबदल झाली तर रंगही बिघडतो आणि एका बाजूचा आवाजही बंद पडतो.

कॉम्पोझिट प्रत्येक वेळी वाईटच, असंही नाही. १९९१ च्या सोनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी रंगवलेला आहे. कॉम्पोझिटच्या धुरकटपणात त्या पट्ट्या मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. स्वच्छ जोडणीवर त्या पट्ट्या पट्ट्याच राहतात. त्या काळच्या काही चित्रकारांनी वायरीचा दोष हिशेबात धरला होता, याचं मला फार कौतुक वाटतं. पण प्लेस्टेशन २ च्या गेमांसाठी हे कारण पुढे करू नका.

आता खरा घोळ. कॉम्पोनंट केबल लावली, टीव्हीला तसं भोकही आहे, प्लेस्टेशन २ चा गेम मस्त चालतोय. मग त्याच यंत्रात पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घातली. पडदा काळा, आवाज मात्र चालू. लोक म्हणतात लेन्स गेली. लेन्स गेली असती तर आवाज कुठून आला असता?

कारण अर्ध्या ओळीत आहे. प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेम ४८०आय पाठवतात. म्हणजे सेकंदाला ६० वेळा अर्धं चित्र येतं: आधी विषम ओळी, मग सम. प्रत्येक अर्ध्या चित्राला २६२.५ ओळींचा वेळ मिळतो. ती वरची अर्धी ओळच पुढचं अर्धं चित्र किंचित सरकवून आधीच्या ओळींच्या मधोमध बसवते. पहिल्या प्लेस्टेशनच्या आणि त्याआधीच्या यंत्रांनी ही अर्धी ओळ काढून टाकली. २६२ किंवा २६३, पण पूर्ण. त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्याच ओळींवर येऊन बसतं: २४० ओळींचं, पण सेकंदाला ६० अख्खी चित्रं. हे २४०पी. ५० हर्ट्झच्या पालमध्ये आकडे वेगळे असतात, युक्ती तीच. जुन्या डब्बा टीव्हीला यातलं काहीच ओळखावं लागत नव्हतं, इशारा आला की तो पुढचं चित्र आखायचा.

प्रसारणाच्या नियमात २४०पी कधीच नव्हतं, आणि नव्या टीव्हीला फक्त नियमातलं कळतं. काही टीव्ही कॉम्पोनंटवर ते सरळ नाकारतात, म्हणून काळा पडदा. पिवळ्या वायरीवर टीव्ही, आणि ती डबीसुद्धा, त्याला ४८०आय समजून दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणतात. हे पकडण्याची परीक्षा सोपी आहे. जुन्या टू-डी गेममध्ये मार लागला की पात्र लुकलुकतं, म्हणजे एका चित्रात असतं, पुढच्यात नसतं. टीव्हीनं चूक केली असेल तर ते लुकलुकण्याऐवजी कंगव्याच्या दातांसारखं आडवं चिरलेलं दिसतं, नाहीतर तेवढा वेळ गायबच होतं. टीव्ही कंपन्यांनी या एका तपासणीची तसदी घेतली नाही, आणि हा निष्काळजीपणा मला अजिबात माफ करावासा वाटत नाही. ओळी मोजणं हे अवघड काम नाही.

हेच काम स्केलर करतो. चित्र मोठं करणं नंतरचं, आधी समोर काय आलंय ते नीट ओळखणं. २४०पी असेल तर तो विणकाम करत नाही, प्रत्येक ओळ जशीच्या तशी पूर्ण पटीत वाढवतो. इथे थोडा हिशेब येतो. १०८० भागिले २४० म्हणजे साडेचार, आणि साडेचार पट केली तर काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. म्हणून एक तर चार पट करून वर-खाली ६०-६० ओळींची काळी पट्टी सोडायची, किंवा पाच पट करून मूळ चित्राच्या वर-खाली १२-१२ ओळी कापायच्या. कापलेलं फारसं जाणवत नाही, कारण जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली त्या कडा झाकल्याच जायच्या. फोर-के पडद्याला २१६० ओळी असतात. तिथे बरोबर नऊ पट बसते, काही उरत नाही.

४८०आय आलं तर काम वेगळं आणि जास्त कठीण. साधी पद्धत अशी की प्रत्येक अर्ध्या चित्राला पूर्ण उंचीवर ताणायचं. वेळ जवळपास लागत नाही, पण स्थिर रेघा, मेनूची अक्षरं, गुणफलक सतत वर-खाली थरथरतात. चांगली पद्धत चित्राचा हललेला भाग वेगळा आणि स्थिर भाग वेगळा हाताळते, त्यामुळे अक्षरं जागेवर राहतात. ओएसएससी हा स्केलर २४०पीसाठी उत्तम आहे, पण ४८०आयला त्याच्याकडे थरथरणारी पद्धतच आहे आणि पिवळ्या वायरीसाठी जागाच नाही. मुख्यतः प्लेस्टेशन २ साठी घेणार असाल तर घेऊ नका. रेट्रोटिंक २एक्स पिवळी आणि कॉम्पोनंट दोन्ही घेतो, पण ४८०आयला तोही थरथरतो. २०२१ चा रेट्रोटिंक ५एक्स दोन्ही कामं नीट करतो. २०२३ चा रेट्रोटिंक फोर-के त्याहून सरस, पण निघाला तेव्हाच ७५० डॉलरचा होता. वर आपलं सीमाशुल्क. एका जुन्या यंत्रासाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही.

ज्याच्या हाताला सोल्डरिंग जमतं त्यानं जीबीएस-८२०० हा बोर्ड बघावा. मुळात तो स्वस्त आणि सुमार. पण हौशी मंडळींनी लिहिलेलं जीबीएस-कंट्रोल हे फर्मवेअर ईएसपी८२६६ या छोट्या चिपवर चढवून चार-दोन तारांनी जोडलं की तोच बोर्ड २४०पी ओळखतो आणि ४८०आयची अक्षरं स्थिर ठेवतो. चित्र व्हीजीएवर निघतं, त्यामुळे पुढे व्हीजीए-टू-एचडीएमआय लागतं. पिवळी वायर त्याला चालत नाही, कॉम्पोनंट चालते. मोजक्या पैशांत प्लेस्टेशन २ साठी याहून चांगलं काही मला माहीत नाही.

प्लेस्टेशनच्या मागे थेट खोचायचा छोटा एचडीएमआय तुकडाही विकतात. त्यात रंग बरे येतात, पण तो ४८०आय तसंच पुढे ढकलतो. ओळी ओळखायचं काम पुन्हा टीव्हीकडेच, म्हणजे जिथे गाडी अडली होती तिथेच.

स्केलर लावल्यावर टीव्हीत दोन गोष्टी करा. गेम मोड चालू करा. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं असतं, आणि टीव्हीची सजावट चालू असेल तर बटण दाबल्यानंतर अशी अनेक चित्रं मागे पडतात. टेकनमध्ये अडवायला उशीर होतो तो याने. दुसरं, रुंदी. १०८० च्या पडद्यावर चारास तीन चित्र १४४० ठिपके रुंद हवं, डाव्या-उजव्या बाजूला २४०-२४० काळे. गाडीचं चाक बघा, ते गोल असलं पाहिजे. लंबगोल दिसलं तर कुणीतरी अजून ताणतंय: आधी स्केलरचं सेटिंग तपासा, मग टीव्हीचं.