नाव आमचं नवं, रांग तुमची जुनीच

बँकेचं नाव बदललं की ग्राहकाला जे पत्र येतं, त्याची सुरुवात ग्राहकापासून कधीच होत नाही. ती होते बँकेच्या गौरवशाली प्रवासापासून. पहिल्या परिच्छेदात वारसा असतो, दुसऱ्यात झेप. तिसऱ्यात नव्या बोधचिन्हातला केशरी कोपरा म्हणजे उगवत्या आकांक्षा आणि निळी रेघ म्हणजे अथांग विश्वास, असा खुलासा असतो. मग अध्यक्षांचा हसरा फोटो. आणि सातव्या परिच्छेदात, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा टायपात, एक वाक्य: जुनी चेकबुकं अमुक तारखेपासून बाद होतील.

ग्राहकाला त्या निळ्या रेघेशी काही देणंघेणं नसतं. त्याचे प्रश्न तीन. माझे पैसे जागेवर आहेत का? मला काय करावं लागेल? आणि कधीपर्यंत? पत्रात ही उत्तरं सापडली नाहीत, की तो जेवण उरकून शाखेत येतो.

"मॅडम, माझं खातं कुठं गेलं?"

"काका, खातं आहे तिथंच आहे. बँक गेली."

"मग पेन्शन येईल ना?"

"येईल की. फक्त कोड बदललाय."

"नवा कोड काय?"

"तो पत्रात असेल बघा. आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? आम्हीही पेपरातच वाचलं."

त्या मॅडमवर चिडण्यात अर्थ नाही. नामांतराचा पहिला नियमच मोडलेला असतो: बातमी आधी काउंटरवर पोचली पाहिजे, मग ग्राहकाकडे, आणि पेपरातली पानभर जाहिरात सर्वांत शेवटी. आपल्याकडे क्रम उलटा. आधी पंचतारांकित हॉटेलात पडदा दूर होतो, मग जाहिरात झळकते, मग ग्राहक येतो, आणि तो गेल्यावर शाखेत परिपत्रक येतं.

हे कुणाला जमतच नाही असं नाही. 2007च्या जुलैअखेर यूटीआय बँकेची ॲक्सिस बँक झाली. प्रसंग अवघड होता, कारण यूटीआय हे नाव ऐकून ठेवीदाराला सरकारी ऊब वाटायची, आणि ॲक्सिस हे नाव तोवर बँक म्हणून कुणी ऐकलेलं नव्हतं. अशा वेळी मोह होतो तो नव्या नावाची थोरवी गाण्याचा. बँकेने जाहिरातीत जुळी माणसं उभी केली आणि सांगितलं, की नाव सोडून सगळं तेच आहे. झालं! ग्राहकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात. अध्यक्षांची दूरदृष्टी कळायची राहिली असेल, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

अर्थात "सगळं तेच" हे वाक्य खरं असेल तरच म्हणावं. पुढे सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, तेव्हा सगळं तेच नव्हतं. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत गेली. पाटी बदलली, हे रस्त्यावरून दिसत होतं. बदललेली खरी गोष्ट मात्र आयएफएससी कोड होती, म्हणजे आपल्या शाखेचा तो अकरा अक्षरी पत्ता, ज्याच्याविना बाहेरून पैसे येत नाहीत. सिंडिकेटचे कोड 1 जुलै 2021पासून बंद झाले. नवा कोड काढायची रीत मात्र इतकी सोपी, की चौथीतल्या पोराने करावी: आधीची चार अक्षरं बदला आणि पुढच्या आकड्यात 10000 मिळवा.

```
SYNB0001234  ->  CNRB0011234
```

हे एवढं उदाहरण पत्राच्या डोक्यावर छापलं, तर निम्मी रांग घरीच बसेल. पण ब्रँडवाल्यांचा याला ठाम विरोध असतो. आकडेमोडीने म्हणे पत्राचा भावनिक सूर बिघडतो.

खरी गोम याच्याही पुढे आहे. कोड बदलते बँक, पण तो जगाला कळवायचा ग्राहकाने. पगार देणारी कचेरी, भाडेकरू, लाभांश पाठवणाऱ्या कंपन्या, नाशकातला भाचा, या सगळ्यांकडे जुना कोड लिहिलेला असतो. बँक तुम्हाला पत्र पाठवते. भाच्याला कोण पाठवणार? म्हणून शहाण्या पत्रासोबत दुसरी एक चिठ्ठी हवी, ग्राहकाने नुसती पुढे ढकलायची: "माझा खाते क्रमांक तोच, कोड हा नवा, अमुक तारखेपासून." ती चिठ्ठी कुणी देत नाही. देतात ती नव्या बोधचिन्हाची किल्लीसाखळी.

आता संक्रमणकाळ. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात. तांदूळ पाच मिनिटांत गोळा होतात. पॅन, पासबुक आणि रेशनकार्डावर ते नाव चढायला वर्ष जातं, आणि ती धावपळ नाव ठेवणारा करत नाही. बँकेचंही तसंच. हा काळ किती असावा, हे बैठकीत ठरतं आणि बहुधा "तिमाही बरी दिसते" म्हणून तीन महिन्यांवर शिक्कामोर्तब होतं. पण तो काळ ठरतो सर्वांत संथ व्यवहारावरून. लाभांश बहुधा वर्षातून एकदा येतो. विम्याचा हप्ता कुणाचा वर्षातून एकदा जातो. पुढच्या तारखांचे चेक कर्ज देणाऱ्याच्या कपाटात पडून असतात. या सगळ्यांची एक फेरी जुन्या आणि नव्या, दोन्ही कोडांवर पूर्ण झाली, की मगच जुनं दार बंद करावं. सिंडिकेटच्या जुन्या कोडांना पंधरा महिने मिळाले, हे म्हणून बरंच म्हणायचं. काळ पुरेसा नव्हता हे ओळखायची खूणही सोपी आहे: दार बंद झाल्यावर पहिल्याच महिन्यात परत गेलेल्या रकमा आणि न वटलेले चेक मोजावेत. तो आकडा वार्षिक अहवालात नसतो. तिथे बोधचिन्ह असतं.

या काळात ग्राहकांशी सर्वांत तत्परतेने संपर्क साधतात ते भामटे. त्यांचा संदेश छोटा, स्पष्ट आणि थेट मुद्द्याचा असतो: बँकेचं नाव बदललंय, आज रात्रीपर्यंत ही लिंक उघडून माहिती भरा, नाहीतर खातं बंद. काय करायचं, कधीपर्यंत, न केल्यास काय होईल, सगळं दोन ओळींत! संदेशलेखनाचा असा आदर्श नमुना बँकेच्या प्रसिद्धी विभागातून निघाल्याचं ऐकिवात नाही. बँकेच्या अघळपघळ पत्रापुढे ग्राहकाला तोच खरा वाटला, तर दोष कुणाला द्यायचा? यावर उतारा एकच. पहिल्याच पत्रात लिहावं, की या बदलासाठी आम्ही कुठलीही लिंक पाठवणार नाही आणि ओटीपी मागणार नाही. आणि मग खरोखरच लिंक पाठवू नये. हे दुसरं अनेकांना जड जातं.

तेव्हा कुठल्याही होतकरू नामांतरकर्त्याने मसुदा खुशाल उचलावा. "आमचं नाव अमुक तारखेपासून बदलतंय. तुमचे पैसे, खाते क्रमांक आणि शाखा तीच राहील. कोड बदलेल, तो असा. जुना कोड आणि जुने चेक अमुक तारखेपर्यंत चालतील. पैसे पाठवणाऱ्यांना सोबतची चिठ्ठी द्या. आम्ही लिंक पाठवणार नाही. अडलं तर शाखेत या, तिथे सगळ्यांना हे माहीत आहे."

मसुदा मंजुरीला गेला की शेरा येईल: "ठीक. पण यात आपला प्रवास कुठे आहे? पहिले सहा परिच्छेद वाढवून पुन्हा सादर करावे."