अपसव्य भटजी

पुतणीच्या लग्नासाठी पनवेलमधला फोटोग्राफर शोधायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. रिकामा आणि संशयी, दोन्ही गुण एकाच माणसात हवे होते.

एका नमुना अल्बमवर मी अडलो. अंतरपाट, नऊवारीतली नवरी, सगळं देखणं. पण भटजींचं जानवं उजव्या खांद्यावर. जानवं असं अपसव्य असतं ते श्राद्धात. मग नवरीकडे नीट पाहिलं, तर तिचाही पदर उजव्या खांद्यावर. गुजराती पद्धतीत तो तसा येतो, नऊवारीत नाही. अक्षता टाकणारं सगळं वऱ्हाड डावखुरं. एक खूण योगायोग असू शकते, तीन नव्हे. फोटो आडवा उलटवला होता. उचललेला फोटो शोधात सहज सापडू नये म्हणून असं करतात.

मी स्क्रीनशॉट घेतला, फोनमध्येच तो पुन्हा उलटवून सरळ केला आणि गूगल लेन्सला दाखवला. पुण्याच्या एका छायाचित्रकाराच्या पानावर तेच भटजी सव्य होऊन भेटले.

फोन केला तर उत्तर आलं, "काका, त्या लग्नात दुसरा कॅमेरा माझाच होता." हे खरंही असू शकतं. दाट मुहूर्तांच्या दिवशी फोटोग्राफर एकमेकांकडे रोजावर जातात, आणि एकच फोटो दोघांच्या पानांवर प्रामाणिकपणे असू शकतो. म्हणून मी एका लग्नाचे सगळे फोटो मागितले. ट्यूबलाइटखालची पंगत, आहेराची रांग, घामेजलेले मामा, सगळं. उसन्या अल्बममध्ये मामांना घाम येत नाही. तिकडून अजून काही आलेलं नाही.

गंमत म्हणजे 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे त्या भटजींवर दोन्ही फोटोग्राफरांपेक्षा वधूपित्याचाच हक्क जास्त.

मग मी फोटोग्राफरांच्या पानांवरचे अभिप्राय वाचायला घेतले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली IS 19000 हे मानक काढलं. लिहिणारा खरा आहे की नाही हे कसं पडताळावं, ते त्यात आहे. पण सुरुवातीला ते ऐच्छिकच ठेवलं. म्हणून माझं मानक घरगुती. "टीम खूप प्रोफेशनल, आठवणी अविस्मरणीय" असं एकाच आठवड्यात सहा जणांना सुचलं, तर ते सहाही जण एकाच खुर्चीत बसलेले असतात. खऱ्या लग्नघरातलं माणूस इतकं समाधानी नसतं. ते हॉलचं नाव घेतं, उशिराचे महिने मोजतं आणि कुणाची तरी बाजू घेऊन भांडतं.

शेवटी एकाच्या पानावर तक्रार सापडली: अल्बम सहा महिन्यांनी मिळाला आणि आत्याचा एकही धड फोटो नाही. खाली फोटोग्राफरने लिहिलं होतं, "ताई, आत्या प्रत्येक वेळी जेवत होत्या." त्याला लगेच आगाऊ रक्कम दिली. आमच्या आत्याचे फोटो पंगतीआधी काढायचे, एवढं मात्र पावतीवर लिहून घेतलं.