मांडीनं लावलेला फोन

मे महिन्याची दुपार. राजापेठेतल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन येतो. उचलला की पलीकडून कोणी बोलत नाही. गाडीचा आवाज, हॉर्न, मग कोणाशी तरी पैशांवरून हुज्जत. आपण पाच वेळा "हॅलो" म्हणतो. सहाव्यांदा उलगडा होतो: हा फोन माणसानं लावलेलाच नाही, त्याच्या मांडीनं लावलाय.

संध्याकाळी विचारा, "काहून भाऊ, फोन लावून बोलत काहून नाही?" उत्तर ठरलेलं. "म्या कुठी लावला? अपडेट आलं तवापासून फोनच येडा झाला."

फोन येडा झालेला नाही. त्याला येडं केलंय, तेही पैसे मोजून.

काचेपासून सुरुवात करू. नवा फोन घेतला की पहिला मुक्काम टपरीवर, गार्ड बसवायला. पाकिटावर लिहिलेलं असतं ९एच. आपल्याला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. ते ९एच असतं पेन्सिलच्या मापातलं. म्हणजे कडक शिशाच्या पेन्सिलीनं चरा पडत नाही, एवढीच हमी. खिशात पेन्सिल ठेवतं कोण?

शेजारी ११डी असंही लिहिलेलं असतं. त्यातले अकरा कोणते, हे कृपया विकणाऱ्याला विचारू नका. त्याचं घर चालू द्या.

आता आतली गोष्ट. पडद्याखाली न दिसणाऱ्या तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की जाळीवरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला कळतं, इथे स्पर्श झाला. त्याला दाब लागत नाही, लागतं ते पाणी आणि क्षार असलेलं, वीज वाहणारं शरीर. बोट तसंच असतं. मांडीही तशीच असते.

बोट आणि जाळी यांच्यामध्ये जे येईल, त्यानं हा इशारा क्षीण होतो. गार्डची काच साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाड. तेवढ्यानं चांगल्या फोनचं फारसं बिघडत नाही. बिघडवते ती हवा.

स्वस्त गार्डला गोंद फक्त कडेला असतो. मधे राहतो हवेचा पातळ थर. काच हा इशारा हवेच्या साधारण सातपट चांगला पुढे सरकवते. त्यामुळे हवेचा एक दशांश मिलिमीटर थर म्हणजे इशाऱ्याच्या हिशेबात काचेचा जवळपास पाऊण मिलिमीटर. आपण एक काच विकत घेतो, फोनला तीन बसतात.

मग टायपिंग अडतं. अक्षरं सुटतात. कोणीतरी जाणकार पुतण्या सेटिंगमध्ये शिरतो आणि `Touch sensitivity` चालू करतो. पिक्सेलवाल्यांकडे ह्यालाच `Screen protector mode` म्हणतात. फोन आता हलक्या इशाऱ्यालाही स्पर्श मानू लागतो. काचेवरून बोट चालतं, घरात समाधान.

पण खिशाचं अस्तर काचेहून जाड असतं का?

पातळ सुती अस्तर, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. घामानं भिजलेलं कापड मधे असूनही नसल्यासारखं. पडदा मांडीकडे, फोन जास्त कान टवकारलेला. बोटासाठी उघडलेल्या दारातून मांडी आत येते.

हे होऊ नये म्हणून फोनमध्ये पहारेकरी असतो. कानाच्या स्पीकरजवळ एक सेन्सर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. प्रकाश आपटून परत आला की समोर काहीतरी आहे: कान, नाहीतर खिसा. कॉलवर असाल तर पडदा विझतो. पॉकेट मोड चालू असेल तर खिशात पडदा जागा होत नाही, झालाच तर स्पर्श मोजत नाही. सॅमसंगवर ह्याचं नाव `Accidental touch protection`.

आणि ह्याच पहारेकऱ्याच्या तोंडावर आपण गार्डची काळी किनार बसवतो.

सेन्सरचा प्रकाश किनारीवर, धुळीवर किंवा गोंदाच्या डागावर आपटून लगेच परत येतो. फोनला वाटतं, मी कायम खिशात आहे. टेबलावर ठेवला तरी तो सांगतो, वरचा भाग झाकू नका. कॉल संपला तरी पडदा काळाच. चार दिवसांत माणूस वैतागतो आणि पॉकेट मोडच बंद करतो.

थोडक्यात, काच लावली म्हणून संवेदनशीलता वाढवली, आणि काच लावली म्हणून पहाराही उठवला. नाव मात्र अपडेटचं.

पुढचं सगळं रेल्वे पुलाच्या चढावर होतं. गाडी उसळते, `Lift to wake` मुळे पडदा उजळतो. ओलं कापड दोनदा टेकतं, `Double tap` चं काम होतं. फोनला कुलूप नसेल तर कॉलची यादी समोर. मांडी कोणाला निवडणार? जो सर्वात वर आहे त्याला. म्हणून असे फोन नेमके साहेबांना किंवा सासऱ्यांना जातात.

कुलूप असेल तर सुटलो?

कुलपाच्या पडद्यावरही एक दार उघडं असतं, `Emergency call` चं. ते तसंच हवं, कारण अपघातात पडलेल्या माणसाचा पिन कोणाला ठाऊक? केंद्राच्या २०१६च्या नियमानं १ जानेवारी २०१७पासून हँडसेटला पॅनिक बटण आलं: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा. हेतू नेक. खिशाला हेतू कळत नाही.

ब्रिटननं हे भोगलंय. अँड्रॉइडनं पॉवरचं बटण पाचदा दाबलं की मदत बोलावण्याची सोय दिली, आणि २०२३च्या जूनमध्ये तिथल्या पोलिसांनी ९९९वर विक्रमी फोन येत असल्याची, आणि त्यात ह्या सोयीनं लागलेल्या मुक्या फोनांचाही वाटा असल्याची तक्रार केली. जनतेला विनंती काय? चुकून लागला तर कापू नका, तेवढं बोला.

आपल्याकडे ११२ लागला की आपण घाबरून आधी तेच करतो. कापतो.

दोष कोणाचा, हे घरीच कळतं. कोणालाही फोन लावा आणि वरचा भाग तळहातानं झाका. पडदा विझला पाहिजे, हात काढला की उजळला पाहिजे. उजळला नाही तर सेन्सरवर किनार किंवा मळ आहे. बऱ्याच सॅमसंगवर `*#0*#` टाइप केलं की सेन्सरची चाचणीही उघडते. मग पडद्यावर रुमालाचा एक पदर टाकून बोट फिरवा, संवेदनशीलता चालू ठेवून आणि बंद करून. चालू असतानाच रुमालावरून काम होत असेल, तर गुन्हेगार सापडला.

उपाय स्वस्त आहेत. गोंद पूर्ण पसरलेला आणि सेन्सरची जागा मोकळी सोडणारा गार्ड घ्या, मग `Touch sensitivity` बंद करून बघा. उचलून नि टकटक करून जागं होण्याच्या दोन्ही सोयी बंद, पॉकेट मोड चालू. पडदा मांडीकडे नको, बाहेरच्या बाजूला. पडल्यावर फुटेल म्हणता? मग गार्ड कशाला लावला होता?

काही फोनांत मात्र खरा सेन्सरच नसतो. तिथे फोन आवाजाच्या लहरींवरून किंवा हालचालीवरून अंदाज बांधतो. अशा फोनवर पॉकेट मोडचा शब्द प्रमाण मानू नका. खिशात टाकण्याआधी पॉवरचं बटण दाबायची सवय लावा.

एकदाच दाबा. पुन्हापुन्हा दाबलंत तर पोलीस विचारतील, "काय झालं?"