कपाट खरं, मालक संशयित

भामट्याची कागदपत्रं नेहमी तयार असतात. जुन्या सामानाच्या ॲपवर "मी लष्करात आहे, बदली झालीय, सोफा न बघताच घेतो" असं म्हणणारा माणूस भेटला नाही, असं घर आता शहरात क्वचितच असेल. हा माणूस न मागता ओळखपत्र पाठवतो, गणवेशातला फोटो पाठवतो, वर 'जय हिंद'ही म्हणतो. ओळखपत्र कुणा तिसऱ्याचंच असतं, पण असतं. सज्जन माणसाकडे काय असतं? एक सागवानी कपाट असतं, आणि ते करून देणारा मिस्त्री कधीच गावी परतलेला असतो.

आमचे मेहुणे कोथरूडला राहतात. सगळी नोकरी त्यांनी बँकेत चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात घालवली. वेलांटी जरा वाकडी दिसली की चेक परत. अशा माणसावर 'तुम्ही तुम्हीच आहात कशावरून?' हा प्रश्न उलटला, यात काही काव्यात्म न्याय असलाच तर तो त्यांच्या जुन्या खातेदारांनी शोधावा.

झालं असं, की त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डरने भाडं देऊ केलं, सगळ्यांना महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितलं आणि मेहुण्यांना भाड्याचा वन बीएचके मिळाला. तिथे एक तर कपाट राहील किंवा मेहुणे. मग एका संध्याकाळी बसून त्यांनी कपाट, बॉक्सचा डबल बेड, दिवाण, शोकेस आणि जेवणाचं टेबल अशा जाहिराती जुन्या सामानाच्या एका ॲपवर लागोपाठ टाकल्या. मजकूर एकदाच लिहिला आणि सगळीकडे चिकटवला: 'घर बदलत असल्याने त्वरित विकणे आहे. भाव पक्का. फोन करावा.' खाली नंबर. फोटो वहिनींनी काढून व्हॉट्सॲपवर पाठवले होते. कपाटाला किंमत लावली चार हजार. नुसतं लाकूडच त्याहून महाग जाईल, पण घाई होती.

सकाळी उठून बघतात तर खातं बंद. 'आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे.' कुठली हालचाल, ते नाही. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, अहो हालचाल कसली? मी रात्री साडेनऊलाच झोपलो."

माझी पुतणी बंगळुरूला अशाच एका कंपनीत फसवणूक पकडणाऱ्या विभागात होती. तिला फोन लावला. ती आधी मनसोक्त हसली आणि मग म्हणाली, "काका, तुमच्या मेहुण्यांनी एकही खूण सोडलेली नाही."

तिचं म्हणणं असं, की एका गोष्टीवरून कुणाला सहसा हाकलत नाहीत. प्रत्येक गोष्टीला थोडे गुण असतात आणि बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की यंत्र दार लावून घेतं. खातं कालच उघडलेलं, गुण. तासाभरात महागड्या वस्तूंच्या ढीगभर जाहिराती, गुण. सगळीकडे तोच मजकूर, गुण. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी, गुण. कारण भामटा स्वस्ताईचंच आमिष लावतो. मजकुरात फोन नंबर, म्हणजे ॲपच्या बाहेर नेऊन गिऱ्हाईक गाठायचा डाव, आणखी गुण. 'त्वरित' या शब्दालासुद्धा कुठेतरी गुण असतील. घर सोडणारा प्रामाणिक माणूस आणि अस्सल भामटा या दोघांचं वागणं यंत्राला हुबेहूब सारखं दिसतं. दोघांनाही घाई असते, दोघेही पडेल भावात देतात आणि दोघेही लवकरच पत्ता बदलणार असतात. फरक एवढाच की भामट्याला हे नियम ठाऊक असतात, त्यामुळे तो सावकाश एकेक जाहिरात टाकतो आणि भावही जरा चढाच सांगतो.

फोटोंची गंमत वेगळीच. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही नोंद गळून जाते आणि फोटोही आकसतो. इंटरनेटवरून ढापलेला फोटोही बहुधा असाच, जन्मदाखला नसलेला. त्यात सोसायटी नवी झाली तेव्हा एकाच मिस्त्रीने निम्म्या बिल्डिंगची कपाटं केली होती, तोच सनमायका, त्याच पितळी मुठी. आता सगळेच घर रिकामं करतायत, तेव्हा तेच कपाट तीन मजल्यांवरच्या तीन खात्यांतून विक्रीला निघालं. यंत्राने ओळखलं, टोळी आहे. आणि ती होतीच. सोसायटीच्या व्यवस्थापन समितीला मेहुणे गेली कित्येक वर्षं याच नावाने ओळखतात.

सगळ्यांत मोठी पाचर मात्र नंबराची निघाली. निवृत्त झाल्यावर बँकेचं सिम परत करून मेहुण्यांनी नवा नंबर घेतला होता. नवा म्हणजे त्यांना नवा. आपल्याकडे बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस रिकामा ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. नंबर धुऊन मिळतो, पण त्याची कीर्ती ॲपवाल्यांच्या वहीत तशीच राहते. पुतणीने विचारलं, "त्यांना अनोळखी लोकांचे फोन येतात का?" येत होते. कुणीतरी अधूनमधून "राजूभाई, गाडीचे टोकन परत करा" म्हणायचं आणि मेहुणे "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे. म्हणजे या नंबरावर आधी कुणी राजूभाई नांदत होते आणि त्यांनी बहुधा नसलेल्या गाड्या विकल्या होत्या. मेहुण्यांना नंबरासोबत राजूभाईंचं पूर्वसंचितही मिळालं.

आता अस्सलपणा सिद्ध करायचा. मेहुण्यांनी आधी वहिनींच्या फोनवरून दुसरं खातं काढलं आणि तेच फोटो टाकले. ते दुपारच्या चहाआधीच बंद झालं. पुतणी म्हणाली, हे कधीच करू नका. तेच वायफाय आणि तेच फोटो घेऊन नवं खातं आलं की यंत्राच्या मते तो बंदी चुकवायचा प्रयत्न असतो, आणि मग पहिलं खातं परत उघडून मागण्याचा अर्जही कच्चा पडतो.

मग त्यांनी कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर इंटरनेटवर शोधला. एका मधाळ माणसाने लगेच उचलला. खातं पाच मिनिटांत चालू करतो म्हणाला, फक्त एक ॲप टाका म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल, आणि पडताळणीसाठी दहा रुपये भरा, ते लगेच परत येतील, तेवढा यूपीआय पिन टाका. इथे मात्र समोर बँकेतला माणूस होता. "पैसे घ्यायला पिन लागत नाही रे," मेहुणे म्हणाले, "पिन द्यायला लागतो." समोरच्याने शिव्या देऊन फोन ठेवला. फसवणुकीच्या संशयावरून बंद झालेल्या माणसाला फसवायला इतक्या तत्परतेने कुणीतरी हजर होतं, याचं मला कौतुक वाटलं. कंपनीच्या खऱ्या खात्याकडून तोवर एक स्वयंचलित पोचही आली नव्हती.

शेवटी अर्ज पुतणीने सांगितला तसा केला. मेहुण्यांचा पहिला मसुदा अडीच पानी होता आणि 'मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून सन्मानाने' असा सुरू होत होता. तिने तो रद्द करवला. अर्ज वाचणाऱ्याकडे मिनिटभर असतो, त्याला चारित्र्य नको, ताडून बघता येईल असं काहीतरी हवं. म्हणून चार ओळी: खातं कोणतं, काय विकतोय, एकदम इतकं का, आणि नंबर आपल्याकडे कधीपासून. पोस्टपेड असल्यामुळे पहिलं बिल सापडलं, त्यावर जोडणीची तारीख होती. राजूभाईंच्या उद्योगांच्या तक्रारी त्याआधीच्या असणार, हे त्यावरून दिसत होतं. ओळखीसाठी मास्क्ड आधार दिलं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

राहिलं कपाट. अर्जात 'खरेदीची पावती' अशी जागा होती. मिस्त्रीने पावती दिली नव्हती. मेहुण्यांच्या जुन्या डायरीत 'सागवान इतके घनफूट, मिस्त्रीस उचल' अशी नोंद होती आणि पुढे मिस्त्रीचा अंगठा. ती पाठवायचा त्यांचा फार आग्रह होता. पुतणी म्हणाली, "पावती नसली तरी चालतं. वस्तू तुमच्या ताब्यात आहे, हे दाखवा." एका कागदावर पेनाने तारीख आणि खात्याचं नाव लिहिलं, तो कपाटाला टेकवून ठेवला आणि फोटो काढला. मग दार उघडून आतून एक, मागून एक, आणि खालच्या खणाला वाळवी लागून गेलेली जागा जवळून. ढापलेल्या फोटोत कपाटाची पाठ आणि वाळवी सहसा नसते. फोटो थेट फोनमधूनच चढवले.

इतकं करूनही 'आमचा निर्णय कायम आहे' असं उत्तर आलं, तेव्हा मेहुण्यांतला अधिकारी जागा झाला. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव नि संपर्क ॲपवर द्यावा लागतो. तो असतो, पण सगळ्यांत तळाच्या ओळीत, बारीक टायपात. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत, असा नियम आहे. त्यानेही पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. या समित्या २०२३ साली नेमल्या गेल्या. मेहुण्यांनी अधिकाऱ्याला मेल केला आणि शेवटच्या वाक्यात समितीचं नाव फक्त घेतलं. मुदत संपता संपता खातं उघडलं. कारण तेव्हाही कळवलं नाही. बंद करताना सांगितलं नव्हतं, तर उघडताना सांगायचं म्हणजे विसंगती झाली असती.

वर बक्षीस म्हणून नावापुढे 'पडताळणी झालेला विक्रेता' अशी हिरवी खूण मिळाली. मेहुणे हरखले. या वेळी त्यांनी एकट्या कपाटाची जाहिरात दिली, भाव नऊ हजार लावला आणि पहिल्याच विचारणाऱ्याला उत्साहाच्या भरात सगळं पाठवलं: तारखेचा कागद लावलेला फोटो, कपाटाची पाठ, वाळवीची जागा, मास्क्ड आधार आणि अंगठ्यासकट डायरीचं पान.

गिऱ्हाईक हडपसरचं होतं. त्याने उत्तर पाठवलं, "काका, इतके पुरावे खरा माणूस देत नाही," आणि नंबर ब्लॉक केला.