पाइपाला स्वेटर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट बिघडते ती दोनदा. एकदा आपोआप आणि दुसऱ्यांदा मी दुरुस्त करायला घेतल्यावर. ही गोष्ट दुसऱ्या वेळची.

झालं असं, की डिसेंबरात भांडी घासताना हात गारठतात असं बायको म्हणाली. एसीवाल्याने मागे ठेवलेला पाव इंची तांब्याचा पाइप माळ्यावर होताच, तो मी मोठ्या हौसेने बाथरूमच्या गीझरपासून मागच्या गॅलरीतून स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत ७ मीटर नेला. धार एवढी बारीक, की एक लिटरचा तांब्या भरायला चार मिनिटं लागायची, पण पाणी गरम होतं. गीझरवर ६० अंश, सिंकपाशी ५७. (हे मोजायला आधी तापाचा थर्मामीटर बुडवला होता. तो ४२च्या पुढे मोजत नाही, फुटतो.)

आता तीन अंश म्हणजे काही फार नाही. पण वाटेत चाललेली ही उधळपट्टी मला बघवेना. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या, पट्ट्या कापल्या आणि गॅलरीत स्टुलावर चढून अख्ख्या पाइपावर गुंडाळल्या. तीन मिलिमीटरचा झकास काळा थर झाला. हात लावून पाहिला, तर उघड्या पाइपाने चटका बसायचा तिथे आता नुसतं गरम लागत होतं. उष्णता आत अडकली! मी विजयी मुद्रेने खाली उतरलो आणि सिंकपाशी पाणी मोजलं.

५५.

पुन्हा मोजलं. थर्मामीटर बदलला. मग जाडी कमी पडली असेल म्हणून आणखी ट्यूब आणायला निघालो, तेव्हा जिन्यात शेजारचे काका भेटले. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांनी ट्यूबचं भेंडोळं पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडायला बसले.

"उष्णतेला बाहेर पडायचं तर दोन अडथळे असतात," काका म्हणाले. "एक रबराचा, आणि दुसरा बाहेरच्या अंगावरून हवेत उतरण्याचा. तुझ्या पाइपाची त्रिज्या ३.२ मिलिमीटर. एवढं किडकिडीत अंग, म्हणून हवेत उतरायला जागाच नव्हती. खरा अडथळा तोच होता. तू तीन मिलिमीटर रबर चढवलंस, तर त्रिज्या झाली ६.२. म्हणजे अंग जवळजवळ दुप्पट!"

थोडक्यात, मी आत एक चौकीदार बसवला आणि त्याच वेळी बाहेरची दारं दुप्पट केली. शिवाय चौकीदार होता रबर, म्हणजे अर्धवट झोपलेला.

काकांच्या हिशेबात हवा २० अंशांची होती. उघडा पाइप दर मीटरला ८ वॅट गमावत होता, माझ्या कृपेने तो १२ वॅटच्या वर गेला होता. हात लावल्यावर कमी गरम लागत होतं हे खरं, पण ती कमी गरम कातडी दुप्पट मोठी होती.

"मग आणखी जाड केलं तर?" मी विचारलं. (मला अजून आशा होती.)

काकांनी k/h असं लिहिलं. k म्हणजे रबराची उष्णता वाहून नेण्याची ताकद, ०.१६, h म्हणजे हवेची उष्णता उचलून नेण्याची ताकद, घरातल्या शांत हवेत साधारण १०. भागाकार आला ०.०१६ मीटर, म्हणजे १६ मिलिमीटर. ही क्रांतिक त्रिज्या. तिथपर्यंत रबर वाढवत गेलं की नुकसान वाढतच जातं, थेट १५ वॅटपर्यंत. तिथून पुढे ते हळूहळू उतरायला लागतं.

"उतरत उतरत पहिल्या ८ वॅटवर कधी येतं?"

काकांनी पुन्हा आकडेमोड केली, चष्मा पुसला आणि h सगळीकडे सारखाच धरलाय हं, असं बजावून सांगितलं, "गुंडाळी साधारण ९० सेंटिमीटर रुंद झाली की."

आमची गॅलरी ९० सेंटिमीटर रुंद आहे.

कारखान्यातल्या चार इंची वाफेच्या पाइपाला हेच रबर गुंडाळलं असतं तर पहिल्या थरापासून फायदा झाला असता, कारण तो मुळातच १६ मिलिमीटरच्या पलीकडचा. विजेच्या बारीक तारेला मात्र प्लास्टिकच्या वेष्टनामुळे थंड राहायला मदतच होते. म्हणजे मी जे केलं ते विजेच्या तारेसाठी अगदी बरोबर होतं. नेमकं पाण्याला केलं.

काकांनी एसीवाल्याकडचा काळा फोम आणायला सांगितला. त्याचा k असतो ०.०३५च्या आसपास, म्हणजे त्रिज्या आली साडेतीन मिलिमीटर, जेमतेम पाइपाएवढीच. नऊ मिलिमीटर जाडीची फोमची नळी घातली की नुकसान साडेपाच वॅटच्या आत. रविवारी मी ती घेऊन स्टुलावर चढलो आणि रबर सोडवायला लागलो, तेवढ्यात बायको धावत आली.

"अहो, खिडकीपासचं दोन मीटर तसंच राहू द्या."

"का?"

"मुलांचे मोजे त्यावर फार छान वाळतात."